फर्स्ट पीसवर सही कोणाची?

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा ज्यांच्या जागी मला घेतलं होतं ते आधीच निघून गेले होते. त्यांचा नोटीस पिरियड संपला आणि मधल्या रिकाम्या दिवसांनंतर माझं जॉइनिंग झालं. आम्ही दोघं एकाच वेळी त्या मजल्यावर कधी नव्हतोच. पुढे जे झालं त्याचं मूळ मला इथे दिसतं. मला कोणी मुद्दाम त्रास दिला नाही. मला सांगणं हे कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं, इतकंच. आणि जे काम कोणाच्याच नावावर नसतं ते कारखान्यात होत नाही.

मी सोलापूरकडची. डिप्लोमा मेकॅनिकलचा, नंतर तिकडच्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनचं काम केलेलं. मायक्रोमीटर, व्हर्नियर, बोअर गेज हातात बसलेले होते. मोशीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली होती आणि कंपनीची बस सकाळी नाशिक रोडवरूनच घ्यायची. तळेगाव चौकात बस अडकली की पहिली पाळी सुरू होताना धावत आत शिरायचं. कामाची भीती नव्हती. काम नेमकं काय, हेच कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी एचआरमध्ये कागदांची चळत समोर आली. पीएफचा फॉर्म 11, नॉमिनेशन, बँकेचा कॅन्सल चेक, मेडिकल फिटनेस, आणि सगळ्यांत खाली ‘इंडक्शन ट्रेनिंग रेकॉर्ड’. त्यावर तक्ता होता: सेफ्टी, आग लागली तर जमायची जागा, क्वालिटी पॉलिसी, फाइव्ह एस, महिलांसाठीची तक्रार समिती, विभागाची ओळख, कामाच्या जागेवरचं प्रशिक्षण. प्रत्येक ओळीपुढे तारीख, शिकवणाऱ्याचं नाव आणि माझी सही. एचआरमधली मुलगी माझ्याच वयाची होती. ती म्हणाली, “ट्रेनिंग या आठवड्यात होईल ताई, सह्या आत्ताच करून ठेवा म्हणजे फाइल पूर्ण होते.” मी म्हटलं, “झालं की लगेच करते.” तिने वाद घातला नाही. कागद तसाच फाइलला लावला आणि मला क्वालिटी विभागाचं दार दाखवून परत गेली.

क्वालिटी मॅनेजर साहेब त्या दिवशी नव्हतेच. कस्टमरकडे एक तक्रार आली होती आणि तिथल्या प्लँटमध्ये आमचा सगळा माल उभं राहून तपासून घेण्यासाठी ते गेले होते. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना माहीत आहे, कस्टमरची लाइन थांबायची वेळ आली की माणसाला घरच्यांचा फोनही घ्यायला सवड मिळत नाही. त्यांचा मला एकदाच फोन आला: “तुम्ही आलात ना? छान. मॅन्युअल वाचत बसा, मी आलो की बोलू.” दुसरे इंजिनिअर दुसऱ्या शेडमध्ये होते, त्यांच्यावर आधीच दोन लाइनचं काम होतं. त्यांनी मला एक जाड फाइल दिली आणि ते गेले.

फाइल वाचून काही कळत नाही असं नाही, पण न पाहिलेल्या मशिनचं वाचून डोक्यात काही उभं राहत नाही. कॉम्प्युटरचा लॉगिन नव्हता, त्यामुळे ड्रॉइंग उघडता येत नव्हतं. बसायला ठरलेली खुर्ची नव्हती. ज्याची खुर्ची रिकामी दिसेल तिथे बसायचं आणि तो आला की उठायचं. माझ्या मापाचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नव्हते, चार नंबर मागवावा लागतो म्हणाले. सेफ्टी शूजशिवाय मजल्यावर जायचं नाही, असा बोर्ड दारावरच. त्यामुळे दार उघडं असूनही मी बाहेरच. शेवटी पाहुण्यांसाठी ठेवलेले मोठे बूट दोन मोजे घालून वापरले. दिवसभर चालून टाचा सोलल्या, पण निदान मशिनपाशी पोचता आलं.

एका दुपारी सायरन वाजला. पाळी बदलायच्या भोंग्याहून तो वेगळा वाटला. माझ्या आजूबाजूला कोणी हललं नाही. दोघा-तिघांनी मान वर करून पाहिलं आणि परत काम सुरू केलं. मला काहीच ठाऊक नव्हतं. खरंच आग असती तर मी कुठल्या दाराने बाहेर पडायचं, कुठे जाऊन उभं राहायचं? नंतर कळलं की ती सायरनची ठरलेली चाचणी होती. जुन्या माणसांना ती इतकी सवयीची झालेली की नव्या माणसाला सांगावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. हे मला आजही गंभीर वाटतं. खुर्ची नसली तर माणूस अवघडतो; बाहेर पडायचं दार माहीत नसेल तर जिवावर बेतू शकतं.

कोणाला विचारायचं, हा प्रश्न मी नंतर वेगळ्या पद्धतीने सोडवला. माणसं मिळत नव्हती, पण रजिस्टरं होती. कुठल्याही मशीन शॉपमध्ये तीन वह्या असतातच. गेज स्टोअरचं इश्यू रजिस्टर, रिजेक्शनची नोंदवही आणि कस्टमर तक्रारींची फाइल. गेज स्टोअरमधले काका शांत स्वभावाचे होते, त्यांच्या टेबलापाशी उभं राहून मी इश्यू रजिस्टर मागच्या सहा महिन्यांचं वाचलं. कोणत्या लाइनला रोज कोणतं गेज जातं, कोणतं गेज सारखं दुरुस्तीला जातं, कोणत्या पाळीत कोण घेतं, हे सगळं त्यात होतं. कारखान्यात काय मोजलं जायला हवं ते कंट्रोल प्लॅन सांगतो. प्रत्यक्षात काय मोजलं जातं ते हे रजिस्टर सांगतं. रिजेक्शनची वही तारखेच्या क्रमाने वाचली तेव्हा दिसलं की एकाच पार्टचं नाव पुन्हा पुन्हा येतं: ॲल्युमिनियमचं एक हाउसिंग, ज्यात बेअरिंग बसतं ते गोल भोक, म्हणजे बोअर, 62 एच 7. म्हणजे 62 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही आणि जास्तीत जास्त 30 मायक्रॉन मोठा चालतो. केसाच्या जाडीपेक्षा कमी जागेत सगळा खेळ. मी ठरवलं, आधी हीच लाइन समजून घ्यायची.

विचारायची वेळही शोधावी लागते. पाळी सुरू होताना ऑपरेटरचा जीव टार्गेटवर असतो, तेव्हा विचारलं की उत्तर तुटक येतं. मशीन सायकलवर गेली आणि पुढचा जॉब, म्हणजे मशिनवर चढवायचा पार्ट, यायला दोन-तीन मिनिटं आहेत, तेव्हा तोच माणूस मनापासून सांगतो. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा बोलत असतात, तिथे नुसतं उभं राहिलं तरी पुष्कळ ऐकायला मिळतं. मी वहीत प्रश्न लिहून ठेवायचे, पुढे कोणाला माहीत असेल त्याचं नाव आणि तो मोकळा कधी असतो ते. साहेबांसाठीचे प्रश्न वेगळ्या पानावर. ते पान भरत चाललं होतं.

मग तो दिवस आला ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. हाउसिंगच्या लाइनवर सेटरने बोअरिंगचं इन्सर्ट बदललं. टूल बदललं की निघालेला पहिला जॉब, म्हणजे फर्स्ट पीस, तपासून घ्यावा लागतो, त्याशिवाय पुढचा माल चालू करायचा नाही. जॉब मशिनमधून निघाला, वॉशिंग मशिनमधून गरम पाण्याने धुऊन आला, ऑपरेटरने बोअर गेज लावलं आणि सेटर ती सेटअप अप्रूव्हलची शीट घेऊन माझ्याकडे आला. रीडिंग होतं अधिक 18 मायक्रॉन. ड्रॉइंगमध्ये छान मध्यावर.

“मॅडम, सही टाका, मशीन थांबलीय.”

मी शीट पाहिली. सहीच्या जागी ‘क्वालिटी’ एवढंच लिहिलेलं. लाइनच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेलं होतं, ज्यात प्रत्येकाच्या नावापुढे चार भागांचं वर्तुळ असतं आणि तो काम जितकं शिकला तितके भाग भरलेले असतात. सोडून गेलेल्या इन्स्पेक्टरचं नाव अजून होतं, चारही भाग भरलेले. माझं नाव नव्हतं. मी सेटरला म्हटलं, “माझं नाव अजून यात नाही. मी सही केली तर ती कोणाच्या अधिकारात?” तो बिचारा काय सांगणार. त्याने शिफ्ट इन्चार्जना बोलावलं. ते चिडले. “इतके दिवस दुसऱ्या लाइनचा इन्स्पेक्टर येऊन सही करून जात होता, तो आज रजेवर आहे. तुम्हाला कशासाठी घेतलंय मग?” मी म्हटलं, “जॉब मी मोजते, पण पास करायचा की नाही ते आधी नीट बघू द्या.”

मी हात लावला तेव्हा जॉब कोमट होता. शेजारी लोखंडी स्टँडवर ठेवलेली मास्टर रिंग, जिच्यावर बोअर गेज झिरो करतात, ती गार होती. तेवढ्यात लाइनवरचे सगळ्यांत जुने ऑपरेटर काका सहज बोलले, “आधीचे साहेब जॉब त्या दगडावर ठेवून चहाला जायचे. आल्यावर मोजायचे. आम्हाला वाटायचं, चहाची तलफ.” दगड म्हणजे ग्रॅनाइटचा सरफेस प्लेट. मी तिथेच थांबले. ती चहाची तलफ नव्हती.

हिशेब सोपा आहे. मापं 20 अंश सेल्सिअसला धरलेली असतात. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या साधारण दुप्पट फुगतं. 62 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा बोअर दर अंशाला जवळपास 1.4 मायक्रॉन मोठा होतो, तेवढ्याच मापाची पोलादी रिंग फक्त 0.7 मायक्रॉन. धुऊन आलेला जॉब 42 अंशांचा आणि रिंग 30 अंशांची धरली, तर जॉब 22 अंशांनी तापून सुमारे 31 मायक्रॉन फुगलेला, रिंग 10 अंशांनी 7 मायक्रॉन. म्हणजे गेजवर बोअर खऱ्यापेक्षा 24 मायक्रॉन मोठा दिसणार. टॉलरन्सच 30 मायक्रॉनचा! आणि याची दुसरी बाजू अधिक वाईट. सेटर गरम जॉबचं रीडिंग बघून टूलचा ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं ते, लावतो. रीडिंग मध्यावर यावं म्हणून तो प्रामाणिकपणे सेटिंग करतो आणि त्याच सेटिंगवर थंड झालेला बोअर लहान भरतो. बोअरमध्ये घालून बघायचं ठरल्या मापाचं गो प्लग गेजसुद्धा गरम जॉबमध्ये अलगद जातं, त्यामुळे लाइनवर कोणालाच शंका येत नाही. शंका येते ती कस्टमरकडे, बेअरिंग दाबून बसवताना प्रेसचा लोड चढतो तेव्हा.

मी जॉब सीएमएम रूममध्ये, म्हणजे अचूक मापं घेणाऱ्या मशिनच्या खोलीत, नेला. तिथला मुलगा म्हणाला, “आत्ता घेतलं तर उपयोग नाही, दोन तास ठेवा.” त्या दोन तासांत मशीन उभी राहिली आणि शिफ्ट इन्चार्ज तीनदा दारात येऊन गेले. माझे हात गार पडले होते, ते लपवायचं कारण नाही. हिशेब बरोबर असला तरी नव्या माणसाला मशीन थांबवणं सोपं नसतं. मापं आली: उणे 6 मायक्रॉन. बोअर लहान होता. हातात 18 आणि रिपोर्टमध्ये उणे 6, फरक बरोबर 24. शिफ्ट इन्चार्जनी रिपोर्ट घेतला, दोनदा वाचला आणि काही न बोलता सेटरला ऑफसेट बदलायला सांगितलं. मग साहेबांना फोन त्यांनीच लावला.

त्या फोननंतर गोष्टी भराभर हलल्या. आधीचा इन्स्पेक्टर गेल्यापासून त्या लाइनवर निघालेला सगळा तयार माल होल्ड केला, लाल टॅग लावले, रात्रभर ठेवून सकाळी पहिल्या पाळीत एकेक बोअर मोजला. बऱ्याच जॉबचे बोअर लहान निघाले. लहान निघाला तर धातू अजून शिल्लक असतो, नवं फिक्श्चर लावून रिवर्क करता येतं. मोठा झाला असता तर भंगारातच. त्या अर्थाने नशीब. साहेब कस्टमरच्या ज्या तक्रारीसाठी गेले होते तीही याच हाउसिंगची होती, लोड चढतोय अशी. एका इन्स्पेक्टरच्या डोक्यात असलेली ‘थंड होऊ द्या’ एवढी गोष्ट कंट्रोल प्लॅनवर कधी उतरलीच नव्हती. तो माणूस गेला, ती त्याच्याबरोबर गेली, आणि नव्या माणसाला कोणी सांगितलं नाही कारण सांगायला माहीत असलेलं कोणी उरलंच नव्हतं. मला एकटीला वाऱ्यावर सोडलं, याचा राग आलाच होता. पण त्या दिवशी कळलं की ती लाइनसुद्धा तितकीच वाऱ्यावर होती.

साहेब परत आले तेव्हा मी प्रश्नांचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी अर्धा तास बसून एकेक उत्तर दिलं. काही प्रश्नांवर म्हणाले, “हे मलाच बघावं लागेल.” मला ते बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात ऑडिट होतं. आदल्या आठवड्यात एचआरची तीच मुलगी तोच इंडक्शनचा कागद घेऊन आली. या वेळी शिकवणाऱ्यांची नावं भरलेली होती, तारीख सगळ्या ओळींना माझ्या जॉइनिंगची. फक्त माझ्या सह्या राहिल्या होत्या. ती म्हणाली, “ताई, प्लीज, ऑडिटर नवीन लोकांचीच फाइल आधी मागतात.” तिच्यावर वरून किती दबाव असेल ते मला दिसत होतं. मी तिला शेजारी बसवलं. गेज वापरायचं प्रशिक्षण नंतर खरोखर झालं होतं, तिथे खरी तारीख टाकून सही केली. बाकीच्या ओळी मोकळ्या ठेवल्या. गाड्यांच्या पुरवठादारांना लागू असलेल्या आयएटीएफ 16949 या मानकात 7.2.2 हे कलम याच विषयाचं आहे, नवीन जबाबदारी घेणाऱ्याला प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण द्यायचं, कंत्राटी असला तरी. ते कलम मी तिला फाइलमधून दाखवलं. तिने कधी वाचलं नव्हतं. तिलाही कोणी इंडक्शन दिलेलं नव्हतं, हे तिनेच सांगितलं.

आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. खोट्या तारखा ऑडिटरने एक प्रश्न विचारला तरी उघड्या पडतात, कारण तो नुसता कागद बघत नाही, माणसालाही विचारतो, “आग लागली तर तुम्ही कुठे जाल?” साहेबांनी सेफ्टी ऑफिसरना बोलावलं आणि त्या आठवड्यात मी, एचआरची ती मुलगी आणि नंतर रुजू झालेले आणखी काही जण, असे मिळून प्लँट फिरलो. बाहेर पडायची दारं, जमायची जागा, आग विझवायचे सिलिंडर, कूलंटच्या टाकीपाशी काय करायचं नाही, तक्रार समितीत कोण आहे. सगळं मिळून अर्धा दिवस लागला. मग सह्या केल्या, त्या त्या दिवसाच्या तारखेने.

आता हाउसिंगच्या कंट्रोल प्लॅनवर एक ओळ आहे: जॉब आणि मास्टर रिंग एकत्र सरफेस प्लेटवर ठेवायचे, दोघांचं तापमान हातातल्या थर्मामीटरने जुळलं की मोजायचं. दोन्ही सारखे झाले तरी ॲल्युमिनियम आणि पोलाद वेगवेगळे फुगतात, म्हणून उन्हाळ्यात किती मायक्रॉन वजा धरायचे त्याचा छोटा तक्ता खाली चिकटवलाय. स्किल मॅट्रिक्सवर माझ्या नावापुढे तीन भाग भरलेत, चौथा मी कोणाला तरी पूर्ण शिकवलं की भरायचा. इंडक्शनच्या फॉर्मवर एक नवी ओळ वाढली, आधीच्या माणसाबरोबर किमान एक आठवडा, आणि जागा रिकामी असेल तर ज्याच्याकडे विचारायचं त्या माणसाचं नाव. कंत्राटावर येणाऱ्या रात्रपाळीच्या पोरांना मात्र हा फॉर्म अजून मिळत नाही. त्यांचा कंत्राटदार वेगळा, त्यांची फाइल वेगळी. त्याबद्दल मी साहेबांना दोनदा लिहून दिलंय, आणि तोवर पाळी बदलताना पंधरा मिनिटं थांबून नव्या पोराला बाहेर पडायचं दार आणि जमायची जागा स्वतः दाखवून येते.